इंद्रायणीत बुडालेली कर्जखते : वर्गातील एक नाट्यपाठ

देहूहून आळंदीकडे वाहत जाणाऱ्या इंद्रायणीच्या काठी चिखली हे गाव आहे. वारकरी मंडळी त्याला टाळगाव चिखली असे म्हणतात. तुकोबा वैकुंठास निघाले, तेव्हा त्यांच्या हातातील टाळ या गावी पडले, अशी तेथील श्रद्धा आहे. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. शेतांच्या जागी कारखाने, गोदामे आणि चाळींवर चाळी उभ्या राहिल्या. तुकोबांच्या नावाचे संतपीठही महानगरपालिकेने याच गावी उभारले आहे. निरनिराळ्या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेल्या कुटुंबांची मुले आज येथील वर्गांत शेजारी शेजारी बसतात. या मुलांना शाळेच्या गच्चीवरून जी नदी दिसते, तिच्याच पाण्यात जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी एका महाजनाने आपल्या घरची कर्जखते बुडवली, अशी कथा आहे. ही कथा माध्यमिक वर्गात कशी शिकवावी, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

प्रथम कथा पाहू. तुकोबांचे घराणे देहूच्या पेठेतील महाजनांचे. वडील बोल्होबा हे व्यापारउदीम आणि देवघेव करीत. वडिलांमागे थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेले आणि प्रपंचाचा भार तुकोबांवर पडला. इतक्यात १६३० ते १६३२ या वर्षांचा घोर दुष्काळ आला. दक्षिण आणि गुजराथ या दोन्ही प्रांतांत त्याने हाहाकार उडवला. सुरतेहून आग्र्याकडे निघालेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने वाटेवर पडलेल्या प्रेतांचे वर्णन लिहून ठेवले आहे, आणि शाहजहानच्या दरबारी इतिहासातही या दुष्काळाची नोंद आहे. तुकोबांनी स्वतः एका आत्मपर अभंगात सांगितले आहे की, या दुष्काळात द्रव्य गेले, मान गेला आणि एक पत्नी अन्न अन्न करीत मेली. ती पहिली पत्नी रखमाबाई. तिच्यामागून मुलगाही गेला.

पुढे तुकोबा चाकणजवळच्या भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन कित्येक दिवस राहिले. धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधीत तेथे गेले. दोघे इंद्रायणीकाठी परतल्यावर तुकोबांनी घरातील कर्जखते आणवली. लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे ते कागद होते. ते सगळेच पाण्यात सोडावेत, असा त्यांचा विचार होता. कान्होबांनी हरकत घेतली. दादा साधू झाले, पण आपल्याला प्रपंच करायचा आहे, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा कागदांचे दोन वाटे झाले. एक कान्होबांनी घेतला आणि दुसरा तुकोबांनी इंद्रायणीत सोडला.

ही कथा विस्ताराने मिळते ती ताहराबादच्या महिपतींच्या ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथात. तो १७७४ साली पूर्ण झाला. तुकोबांचे निर्वाण १६५०च्या सुमाराचे. म्हणजे प्रसंग आणि लेखन यांत सव्वाशे वर्षांहून अधिक अंतर आहे. शिक्षकाने हे अंतर मुलांपासून लपवू नये. दुष्काळ हा इतिहास आहे. तुकोबांचे दुःख त्यांच्या स्वतःच्या शब्दांत उपलब्ध आहे. कागदांच्या वाटणीचा प्रसंग मात्र भक्तचरित्रकाराने सांगितलेली कथा म्हणून वाचावयाचा. परंतु ही कथा सांगताना महिपतींनी कान्होबांची हरकत गाळली नाही, ही गोष्ट फार मोलाची आहे. ज्या गोष्टीत दुसरी बाजू बोलते, त्याच गोष्टीचा नाट्यपाठ होऊ शकतो.

आता कर्जखत म्हणजे काय, हे मुलांना समजले पाहिजे. नाही तर ओला कागद पाण्यात बुडाला यात विशेष काय, असेच त्यांना वाटेल. लिहिता-वाचता न येणाऱ्या कुणब्याने कुळकर्ण्याच्या किंवा सावकाराच्या हातच्या कागदावर आपली निशाणी करावी, आणि पुढे त्या कागदावर काय आहे हे जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे, अशी ती स्थिती होती. फेडलेल्या कर्जाचा कागद परत मिळाला नाही, तर कर्ज फिटूनही राहत असे. या कागदाचे वजन किती होते, ते पुणे जिल्ह्याने पुढे एकदा उघड पाहिले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. उठाववाल्यांचा रोख सावकारांच्या जिवावर फारसा नव्हता. त्यांना हवी होती ती कर्जखते. ती हाती आली की ते जाळून टाकीत. त्यानंतर चौकशी होऊन १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कागदावर लिहिलेल्या आकड्यावरच न थांबता त्यामागचा सगळा हिशेब तपासण्याचा अधिकार त्या कायद्याने न्यायालयांना दिला. एकाच जिल्ह्यात एका काळी ऋणकोंनी कागद जाळले, आणि त्याच्या दोनशे चाळीस-पंचेचाळीस वर्षे आधी एका धनकोने ते आपण होऊन बुडवले, अशी परंपरा सांगते. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की मुलांना कागदाची किंमत कळते.

या प्रसंगावर आजवर शाळांतून दोन प्रकारे धडा दिला जात आला आहे. एक प्रकार असा की, शिक्षकाने गोष्ट वाचावी, अखेरीस औदार्य आणि वैराग्य हे दोन शब्द फळ्यावर लिहावेत आणि मुलांनी ते उतरून घ्यावेत. दुसरा प्रकार स्नेहसंमेलनाचा. चार हुशार मुलांनी संवाद पाठ करावेत, कपाळी गंध लावावे, आणि उरलेल्या वर्गाने टाळ्या वाजवाव्यात. दोहोंतही शेवट आधीच ठरलेला असतो. त्यामुळे कोणाही मुलाला काही ठरवावे लागत नाही. नाट्यपाठाचा हेतू याहून वेगळा आहे. त्यात गोष्ट निर्णयाच्या अलीकडे थांबवतात आणि निर्णयाचे ओझे मुलांच्या अंगावर ठेवतात.

ही पद्धत एका दिवसात घडली नाही. इंग्लंडात ससेक्स परगण्यातील सॉम्प्टिंग या खेड्यात हॅरिएट फिनले-जॉन्सन नावाच्या बाई १८९७ ते १९१० या काळात मुख्याध्यापिका होत्या. इतिहास आणि वाङ्मय यांचे धडे त्या मुलांकडून नाट्यरूपाने करवीत, आणि ते प्रेक्षकांसाठी नसून करणाऱ्या मुलांसाठीच आहे, असे त्यांचे मत होते. शाळातपासणीस एडमंड होम्स यांनी १९११ सालच्या आपल्या पुस्तकात या बाईंना ‘इजेरिया’ असे टोपणनाव देऊन त्यांच्या शाळेचे वर्णन केले. पुढे केंब्रिजच्या पर्स शाळेतील शिक्षक काल्डवेल कुक यांनी १९१७ साली ‘द प्ले वे’ हे पुस्तक लिहिले. या दोघांच्या वर्गांत मुले बहुधा पुस्तकातीलच गोष्ट रंगवीत.

खरा पालट केला तो डॉरोथी हीथकोट यांनी. चौदाव्या वर्षी शाळा सोडून कापडगिरणीत मागावर काम केलेल्या या बाई पुढे विद्यापीठात शिक्षकांच्या शिक्षक झाल्या. त्यांनी रंगमंच, पोशाख आणि पाठांतर ही सगळी वर्गाबाहेर ठेवली. माणूस पेचात सापडला आहे आणि आता त्याला काहीतरी करायचे आहे, एवढेच त्यांनी उरवले. शिवाय शिक्षकाने कडेला उभे राहून सूचना देण्याऐवजी स्वतः एखादी भूमिका घेऊन गोष्टीत शिरावे, आणि ती भूमिका शक्यतो सर्वज्ञाची नसावी, हा महत्त्वाचा मार्ग त्यांनी दाखवला. तो मार्ग चिखलीच्या वर्गात कसा चालेल, ते आता क्रमाने पाहू.

समजा, नववीचा चाळीस मुलामुलींचा वर्ग आहे आणि पस्तीस मिनिटांचे दोन तास जोडून मिळाले आहेत. त्या सत्तर मिनिटांची वाटणी अशी करावी : दहा मिनिटे वाचन, दहा तयारी, पंचवीस प्रत्यक्ष नाट्य, दहा नदीकाठचा प्रवेश, आणि राहिलेली पंधरा भूमिकेतून बाहेर येऊन बोलणे. शेवटची पंधरा मिनिटे कधीही कापू नयेत. घाईत बहुधा तीच कापली जातात आणि मग पाठ केवळ खेळ होऊन राहतो.

वाचन कान्होबांच्या हरकतीपाशी थांबवावे. गोष्ट पुढे कशी गेली हे काही मुलांना घरून माहीत असणारच, कारण हा मुलूखच वारकऱ्यांचा आहे. त्यांना गप्प करण्याचे कारण नाही. ‘महिपतींनी काय सांगितले ते आपण शेवटी वाचू. तोवर देहूत हे अजून ठरलेले नाही,’ एवढे सांगितले की पुरते.

तयारीसाठी शिक्षकाने पुठ्ठ्याची दहा कर्जखते करून आणावीत. त्यांवरील मजकूर शिक्षकाने रचलेला आहे, इतिहासातला नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगावे. नाण्यांचा घोळ टाळण्यासाठी सगळे येणे धान्यात धरावे. सधन शेतकरी, देऊ शकतो पण चालढकल करतो : पंधरा मण. पेठेतला दुसरा दुकानदार : बारा मण. दुष्काळात बैलजोडी मेलेला कुणबी : आठ मण. दुष्काळात वारलेला ऋणको, मागे बारा वर्षांचा मुलगा : सहा मण. निम्मे फेडलेला एक कुणबी : पाच मण. गाव सोडून गेलेला विणकर : चार मण. विधवा बाई : तीन मण. कुंभार : तीन मण. घरचाच एक आप्त : दोन मण. आणि ज्याने फेडले आहे पण ज्याचा कागद परत गेला नाही असा एक : दोन मण. सगळी मिळून बेरीज साठ मण होते.

दुसऱ्या एका पुठ्ठ्यावर घरचा खर्च लिहावा. माणशी रोज अर्धा शेर धान्य आणि चाळीस शेरांचा मण धरला, तर पाच माणसांच्या घराला वर्षाकाठी साधारण तेवीस मण लागतात. गावोगावची मापे निराळी होती. हा अंदाज केवळ पाठापुरता आहे. पण तो फळ्यावर असणे अगत्याचे आहे. साठ मण येणे आणि तेवीस मण गरज, हे दोन आकडे समोर असले की कान्होबांचे म्हणणे लोभ आहे की काळजी आहे, याचा विचार मुलांना करावा लागतो.

वर्गाचे पाच गट करावेत. एक गट कान्होबांच्या बाजूचा. दुसरा जिजाबाईंच्या बाजूचा. ही तुकोबांची दुसरी पत्नी, आणि चूल तिला पेटवायची आहे. तिसरा आणि चौथा गट ऋणकोंचा. त्यांच्यात दहा कागद वाटून द्यावेत. पाचवा गट गावच्या पांढरीचा, म्हणजे ज्या वडीलधाऱ्यांना उद्या सगळ्यांना एका गावात नांदवायचे आहे त्यांचा. प्रत्येक गटाने दहा मिनिटांत दोनच गोष्टी ठरवाव्यात : आपल्याला काय हवे आहे, आणि ते मिळाले नाही तर उद्या सकाळी आपल्या घरी काय होईल. यापैकी दुसरा प्रश्नच मुलांना भूमिकेत नेतो. ‘औदार्य चांगले की वाईट’ असे विचारले की मुले निबंध म्हणू लागतात. ‘उद्या सकाळी काय’ असे विचारले की ती घरात शिरतात.

तुकोबांची भूमिका कोणालाही देऊ नये. त्यांच्यासाठी एक रिकामे आसन मांडावे. याला दोन कारणे आहेत. ज्या गावाचे नावच त्यांच्या टाळावरून आहे, तेथे चौदा वर्षांच्या मुलाने संताच्या तोंडी मनचे शब्द घालणे काही घरांना रुचणार नाही, आणि त्या घरांचा मान राखला पाहिजे. दुसरे कारण पाठाच्या दृष्टीने अधिक मोठे आहे. संत बोलू लागला की बाकीचे सगळे ऐकू लागतात आणि पेच तेथेच संपतो. आसन रिकामे असले म्हणजे प्रत्येकाला आपले म्हणणे त्याच्यासमोर पूर्ण मांडावे लागते.

शिक्षकाने स्वतः कुळकर्ण्याची भूमिका घ्यावी. कुळकर्णी हा नोंदी ठेवणारा, निर्णय देणारा नव्हे. त्याने बोरू आणि कागद घेऊन बसावे आणि अज्ञान पांघरून विचारावे : ‘कान्होबा, हा विणकर गाव सोडून गेला आहे. त्याचे चार मण कोणाकडून वसूल करायचे म्हणता?’ किंवा, ‘बाई, तुम्ही म्हणता कागद बुडवू नका. मग हा बारा वर्षांचा पोर वडिलांचे सहा मण फेडायला लागला, तर तुमच्या दारी येऊन तो काय बोलेल?’ अशा प्रश्नांनी वाद पुढे सरकतो आणि कोणताही गट सोप्या उत्तरावर निजत नाही. एखादी मुलगी कान्होबा होऊन म्हणते, ‘दादा, तुम्ही सगळे सोडलेत. पण माझ्या वाट्याचे कोणाला विचारून सोडता?’ तर एखादा मुलगा विधवेच्या बाजूने म्हणतो, ‘तीन मणांसाठी माझी तीन वर्षे गेली.’ अशी वाक्ये आली की पाठ जमला, असे समजावे.

पंचवीस मिनिटांच्या शेवटी कुळकर्ण्याने वाटणीचा प्रश्न पुढे टाकावा. कथेत कागदांचे दोन वाटे झाले. पण अर्धे म्हणजे काय? दहा कागदांपैकी पाच, की साठ मणांपैकी तीस मण? येथे मुलांना पाटीवर हिशेब करू द्यावा. सधन शेतकऱ्याचे पंधरा, दुकानदाराचे बारा आणि विधवेचे तीन मिळून तीस मण होतात. म्हणजे हे तीन कागद कान्होबांनी ठेवले, तर बाकीचे सात बुडू शकतात. सातजण सुटतील. पण विधवेच्या जागी कुंभाराचा कागद ठेवला तरी बेरीज तीसच राहते. मग दोघांपैकी कोणाला मोकळे करायचे? वर्ग या ठिकाणी बहुधा एकदम शांत होतो. आतापर्यंत प्रश्न दान करावे की नाही, हा होता. आता कळते की अर्धे दान केले की शेजारी राहणाऱ्या दोघांत एक मोकळा होतो आणि दुसरा बांधलेला राहतो. कोणते कागद कोणाच्या वाट्याला गेले, हे कथेच्या प्रचलित कथनात सांगितलेले नसते. कान्होबांच्या वाट्यातील ऋणकोंचे पुढे काय झाले असेल, हा प्रश्न म्हणूनच कीर्तनात सहसा निघत नाही. नाट्यपाठात तो आपण होऊन निघतो.

काही चतुर मुले म्हणतील, ‘श्रीमंतांचे दोन कागद ठेवा, सत्तावीस मण आले, घर चालले. बाकीचे सगळे बुडवा.’ उत्तर ऐकायला उत्तम आहे. कुळकर्ण्याने त्यावर एवढेच विचारावे, ‘हे दोघे देणार आहेत का?’ कर्जाच्या इतिहासातील कडू सत्य असे की, ज्याच्याजवळ आहे तो पाटलाकडे, देशमुखाकडे वजन वापरून लांबणीवर टाकू शकतो, आणि ज्याच्याजवळ नाही तो भीतीने आधी देतो. वसुली दुर्बळाकडून लवकर होते. म्हणजे केवळ बळकट ऋणकोंचे कागद हाती ठेवणाऱ्या कान्होबांना कदाचित काहीच मिळणार नाही. हे लक्षात आले की न्याय्य वाटणारा तोडगाही पुन्हा पेचात सापडतो.

यानंतर नदीकाठचा प्रवेश. वर्गाच्या फरशीवर खडूने एक जाड रेघ ओढावी. ती इंद्रायणी. मुलांनी समोरासमोर दोन रांगा करून मध्ये वाट ठेवावी. एका मुलाने कागदांचा गठ्ठा हाती घेऊन त्या वाटेने रेघेकडे हळूहळू चालत जावे. तो तुकोबा नव्हे. तो केवळ कागद नेणारा हात आहे, आणि त्याने एक शब्दही बोलू नये. तो जवळून जाताना प्रत्येकाने आपल्या भूमिकेतून एकच वाक्य बोलावे. चाळीस वाक्यांना पाच-सात मिनिटे लागतात. रेघेपाशी गेल्यावर त्याने थांबावे. कागद पलीकडे टाकायचे की नाहीत, हे येथे ठरवू नये. शिक्षकाने हातातील बोरू खाली ठेवावा, कुळकर्णीपण सोडावे, आणि मग महिपतींच्या कथेचा उरलेला भाग वाचून दाखवावा.

हा पाठ कोठे बिघडतो, तेही सांगितले पाहिजे. पहिली खूण भाषेची. मुले सगळी संतासारखी बोलू लागली, प्रत्येक वाक्यात त्याग आणि पुण्य येऊ लागले, आणि ‘माझे’, ‘माझ्या घरी’ हे शब्द दिसेनासे झाले, की समजावे : ती भूमिकेत नाहीत, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आहेत. अशा वेळी शिक्षकाने थांबवून पुन्हा घरखर्चाच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवावे.

दुसरी खूण हसण्याची. जिजाबाईंना कजाग बायको म्हणून रंगवण्याची सवय आपल्या लोकांना फार जुनी आहे. मुले तोच नमुना उचलतात. कोणी कमरेवर हात ठेवून ओरडते आणि वर्ग हसतो. प्रभात कंपनीच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटात गौरी या नटीने जिजाई केली. तिच्या फटकळपणावर प्रेक्षक हसले खरे, पण मुलांची पोटे तीच भरते आहे, हेही तिने दाखवले. वर्गात हसू आले की शिक्षकाने त्या गटातील दुसऱ्या मुलाला किंवा मुलीला तेच म्हणणे हळू आवाजात, खाली बसून बोलण्यास सांगावे. शब्द तेच राहतात, पण हसू थांबते.

तिसरा धोका अधिक नाजूक आहे. चिखलीसारख्या ठिकाणी वर्गातील कित्येक घरांवर खरेच कर्ज असते. कोणाचे घराचे हप्ते चालू असतात, कोणी गावाकडची जमीन गहाण ठेवलेली असते. म्हणून कोणत्याही मुलास ‘तुझ्या घरी असे कधी झाले का’ असे विचारू नये. भूमिका ही ओट्यावरच्या पडद्यासारखी असते. तिच्याआडून मूल आपल्या घरचे सांगू शकते आणि तरी उघडे पडत नाही. तो पडदा शिक्षकाने ओढू नये. त्याचप्रमाणे सावकाराची बाजू एखाद्या विशिष्ट जातीच्या वा व्यापारी घरच्या मुलाकडे मुद्दाम देऊ नये. गट चिठ्ठ्या टाकून करावेत, म्हणजे कोणाच्याही आडनावावर भूमिका चिकटत नाही.

शेवटच्या पंधरा मिनिटांत सर्वांनी आपापल्या जागी बसावे आणि पुन्हा आपल्या खऱ्या नावाने बोलावे. हात लावून मत मोजू नये. मत मोजले की पेचाचा निकाल लागतो, आणि अल्पमतात पडलेले मूल पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने वहीत दोन वाक्ये लिहावीत. पहिले : नाट्याआधी माझे मत काय होते. दुसरे : कोणाचे बोलणे ऐकून त्यात काही हलले. शिक्षकाने तपासताना मत कोणते आहे हे पाहू नये; दुसऱ्या वाक्यात एखाद्या दुसऱ्या माणसाचे कारण त्या माणसाच्या बाजूने नीट सांगितले आहे का, एवढेच पाहावे. ‘कान्होबा लोभी होता’ असे लिहिणाऱ्या मुलाला पाठ अजून कळलेला नाही. ‘कान्होबा म्हणाला ते मला पटत नाही, पण त्याच्या मागे पाच माणसे जेवायची होती’ असे लिहिणाऱ्याला तो कळला.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. वर्षात अशा दोन-तीन पाठांहून अधिक करता येत नाहीत. तयारीला वेळ लागतो आणि वारंवार केल्यास मुलांना त्याचीही रीत पाठ होते. दुसरी मर्यादा इतिहासाची. नाट्यात जे सुचले ते सतराव्या शतकात घडलेच, असे मानण्याचा मोह मुलांना होतो. म्हणून पाठाच्या शेवटी फळ्यावर तीन रकाने करावेत : तुकोबांनी स्वतः सांगितलेले, महिपतींनी सांगितलेले, आणि आज आपण वर्गात रचलेले. साठ मण आणि दहा कागद तिसऱ्या रकान्यात जातात. कान्होबांची हरकत दुसऱ्यात. दुष्काळ, गेलेला मान आणि मेलेली पत्नी पहिल्यात. वाङ्मय आणि इतिहास यांमधला भेद नववीतल्या मुलाला इतक्या सरळपणे दाखवण्याची संधी फारशी मिळत नाही.

घंटा झाल्यावर फरशीवरची खडूची रेघ पुसण्याचे काम ज्याच्याकडे असते, त्याला शिक्षकाने ती लगेच पुसू देऊ नये. मुले बाहेर पडताना त्या रेघेवर पाय न देता ती ओलांडून जातात की नाही, हे दारात उभे राहून पाहावे. बहुतेक मुले ओलांडून जातात. पुठ्ठ्याची दहा कर्जखते मात्र टेबलावर तशीच पडलेली असतात, आणि त्यांतले विधवेचे व कुंभाराचे असे दोन कागद कोणीतरी हळूच गठ्ठ्यातून काढून बाजूला, शेजारी शेजारी ठेवलेले असतात.